हक्कसोड पत्राचे भाषांतर : काय झाकावे, काय झाकू नये

सांगली-कोल्हापूरकडील आणि बेळगाव-चिकोडीकडील जैन कुटुंबांमध्ये रोटीबेटीचा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. आजीला कन्नड बोलता येत असे, आईला समजत असे आणि नातीला त्या लिपीतले एक अक्षरही ओळखता येत नाही, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. माहेरची जमीन मात्र सीमेपलीकडेच राहते, आणि तिचे कागद कन्नडमध्ये येतात. पूर्वी असा कागद घेऊन ओळखीच्या वकिलाकडे वा शिक्षकाकडे जावे लागे. आता मोबाइलने पानाचे छायाचित्र काढले की भाषांतराचे ॲप अर्ध्या मिनिटात मराठी मजकूर पुढे ठेवते. तेही समाधानकारक वाटले नाही, तर तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून एखाद्या कन्नड जाणणाऱ्या परिचिताकडे जाते, त्याच्याकडून आणखी कोणाकडे जाते, आणि मूळ कागद कपाटात कुलूपबंद असूनही त्यावरील सर्व क्रमांक गावभर हिंडून येतात.

असे छायाचित्र देण्यापूर्वी काय झाकावे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. कमी झाकले तर ओळख चोरीस जाण्याचा धोका असतो. जास्त झाकले तर भाषांतर चुकते किंवा जे कळायला हवे होते नेमके तेच कळत नाही. म्हणून एकच दस्त पुढे ठेवून विचार करू. तो कल्पिलेला आहे, पण त्याचे स्वरूप नेहमीचेच आहे.

सांगलीला दिलेल्या एका बहिणीकडे तिच्या दोन भावांनी चिकोडी तालुक्यातून हक्कसोड पत्राचा मसुदा पाठवला आहे. कन्नडमध्ये चार पाने. सोबत वडिलांच्या हयातीत, २०१६ साली नोंदलेल्या वाटणीपत्राची झेरॉक्स आहे आणि तिला जोडलेल्या सर्वांच्या आधारपत्रांच्या प्रतीही आहेत. भावांनी फोनवर सांगितले आहे की शेताच्या एका तुकड्यावरचे तिचे नाव कमी करायचे आहे, बाकी काही नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम आणि त्यातील २००५ ची दुरुस्ती जैनांनाही लागू असल्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो. तो एकदा नोंदणीकृत दस्ताने सोडला की सहजासहजी परत येत नाही. सहीपूर्वी मजकूर समजून घेणे यात भावांवरचा अविश्वास नाही. बँकेतही वाचून न दाखवलेल्या कागदावर आम्ही ग्राहकाचा अंगठा घेत नसू.

प्रथम वाटणीपत्राच्या झेरॉक्सकडे पाहू, कारण खरा धोका तेथे आहे. नोंदणीच्या पानावर पक्षकारांची छायाचित्रे, सह्या आणि अंगठ्याचे ठसे असतात. त्याच गठ्ठ्यात आधारपत्राची प्रत असते. आणि देण्याघेण्याच्या कलमात, अमुक बँकेच्या अमुक शाखेवरील धनादेशाने रक्कम दिली, असा उल्लेख असतो. ही तीन माहितीची टोके वेगवेगळी असली तर फारसे बिघडत नाही. एकत्र आली की मात्र प्रकरण गंभीर होते. खेड्यापाड्यांत बँक-मित्राच्या यंत्रावर आधारच्या साहाय्याने जे पैसे काढता येतात, त्याला कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. बँकेचे नाव, बारा अंकी आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढे पुरते. नोंदणीकृत दस्तांवरील ठसे उचलून, त्यांची सिलिकॉनची प्रत करून, लोकांच्या खात्यातून अशा रीतीने पैसे काढल्याचे गुन्हे देशात ठिकठिकाणी नोंदले गेले आहेत. म्हणून ठशांचे पान भाषांतराला पाठवूच नये. त्यावर भाषांतर करण्यासारखे फारसे काही नसतेही : तारीख, कार्यालयाचे नाव, दस्त क्रमांक आणि ओळख पटवणाऱ्यांची नावे. हीच गोष्ट ई-मुद्रांकाच्या पानाची. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि चौकोनी क्यूआर संकेत त्यावर असतो, मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, आणि त्याचे भाषांतर कोणाला नको असते. झाकण्याचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे ते पान गठ्ठ्यातून बाजूला काढणे.

आधारपत्रांच्या प्रतींचेही तसेच. त्यांचा कन्नड भाग आणि इंग्रजी भाग एकच माहिती सांगतात, तेव्हा त्यांच्या भाषांतराची गरज नाही. तरीही कोणी आग्रहाने पाठवणार असेल, तर त्याने क्यूआर संकेताकडे विशेष लक्ष द्यावे. पुष्कळ जण बारा अंकांवर काळी पट्टी ओढतात आणि शेजारचा संकेत तसाच ठेवतात. २०१८ पूर्वीच्या आधारपत्रांवरील संकेतात पूर्ण आधार क्रमांक, जन्मसाल आणि पत्ता उघड साठवलेला असे. साध्या संकेतवाचक ॲपने तो वाचता येतो. आपली झेरॉक्स २०१६ ची आहे हे येथे लक्षात घ्यावे. नंतरच्या संकेतात पूर्ण क्रमांक नसतो, पण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि छायाचित्र असतेच.

क्रमांक अर्धवट झाकण्याची एक सवय आहे, तिच्याविषयी थोडे हिशेबाने बोलतो. मधले दोन अंक झाकले की क्रमांक सुरक्षित झाला, असे अनेकांना वाटते. आधारचा बारावा अंक हा पडताळणीचा अंक असतो. आधीच्या अकरा अंकांवरून तो एका ठरलेल्या रीतीने निघतो. त्यामुळे एकच अंक झाकला असेल, तर तो गणिताने तंतोतंत काढता येतो. दोन झाकले तर शंभर शक्यतांपैकी दहाच उरतात. सरकारमान्य ‘मास्क्ड’ आधारपत्रात पहिले आठ अंक झाकून शेवटचे चार ठेवलेले असतात. ते चार ओळख पटवण्यासाठी ठेवलेले असतात. भाषांतरकाराला कोणाची ओळख पटवायची नसल्याने आपण बाराही झाकावेत. पॅनच्या बाबतीतही असेच आहे. दहा अक्षरांपैकी चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असते आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर असते. ही दोन अक्षरे झाकून काही मिळत नाही, नाव वाचणाऱ्याला ती ठाऊकच असतात. पॅन पूर्ण झाकावा.

आता मुख्य मसुद्याकडे वळू. येथे एक साधा विचार पुष्कळ गुंता सोडवतो. अंकांना भाषांतर लागत नाही. आधार, पॅन, मोबाइल, खाते क्रमांक, धनादेश क्रमांक हे मूळ कागदावर आपल्याला वाचता येतात आणि ते कोणत्याही भाषेत तेच राहतात. तेव्हा ते झाकल्याने भाषांतराचे काहीही नुकसान होत नाही. अडचण एवढीच की काही जुन्या दस्तांत आणि हस्तलिखित उताऱ्यांत आकडे कन्नड अंकांत लिहिलेले असतात, आणि आपल्याला तो क्रमांक आहे हेच कळत नाही. ते दहा अंक एका संध्याकाळी शिकून होतात. वहीच्या एका पानावर मराठी अंकाखाली कन्नड अंक लिहून घ्यावा आणि मग दस्तावर बारा, दहा किंवा त्याहून अधिक चिन्हांची सलग रांग कोठे आहे ते शोधावे.

रकमेचे आणि क्षेत्रफळाचे आकडे मात्र ठेवावेत. तीन एकर वीस गुंठे हा आकडा झाकला, तर वाक्य काय सोडून देत आहे हे भाषांतरातून कळणार नाही. दस्ताची तारीखही ठेवावी, जन्मतारीख झाकावी. या दोन तारखांची गल्लत होते, कारण अनोळखी लिपीत दोन्ही सारख्याच दिसतात. जन्मतारीख किंवा वय बहुधा नावाच्या लगेच पुढे, पत्त्याच्या आधी येते. दस्ताची तारीख पहिल्याच ओळीत किंवा सह्यांच्या वर असते.

नावांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नाव काळ्या पट्टीखाली घातले की वाक्याचा कर्ता हरवतो. चार पानांत आई, दोन भाऊ आणि बहीण अशी चार माणसे असतील आणि चौघांवर एकसारख्या काळ्या पट्ट्या असतील, तर कोणी कोणाच्या लाभात हक्क सोडला हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून नाव पुसण्याऐवजी बदलावे. आईच्या नावावर पांढरी पट्टी लावून तीवर ‘अ’ लिहावे, थोरल्या भावाला ‘ब’, धाकट्याला ‘क’, बहिणीला ‘ड’. ॲपकडून भाषांतर घ्यायचे असेल तर ही अक्षरे इंग्रजी मोठी घ्यावीत, म्हणजे कन्नड मजकुरात ती वेगळी उठून दिसतात. कोणते अक्षर कोणाचे, याची यादी एका कागदावर करून मूळ दस्ताबरोबर ठेवावी, छायाचित्राबरोबर नव्हे.

पट्टी लावताना नावाच्या शेवटाकडे पाहावे. मराठीत आपण ‘ला’, ‘ने’, ‘कडून’ हे प्रत्यय नावाला जोडतो, तसेच कन्नडमध्ये ‘इगे’ म्हणजे ‘ला’ आणि ‘इंद’ म्हणजे ‘कडून’. दस्तात बहुधा नावानंतर ‘इवरिगे’ किंवा ‘इवरिंद’ असा वेगळा शब्द येतो. म्हणजे ‘यांना’ आणि ‘यांच्याकडून’. पट्टी चार अक्षरे लांब पडली आणि हा शब्द तिच्याखाली गेला, तर देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होऊ शकते. भाषांतराचे ॲप अशा वेळी गप्प बसत नाही, ते अंदाजाने वाक्य पुरे करते आणि ते वाचायला अगदी सुसंबद्ध वाटते. लिपी येत नसेल तर पट्टी कोठे थांबवायची हे कसे कळावे? पहिल्या पानावर पक्षकारांची नावे स्वतंत्र ओळींत असतात. शेजारी ‘बरेदुकोट्टवरु’ म्हणजे लिहून देणार आणि ‘बरेसिकोंडवरु’ म्हणजे लिहून घेणार, असे छापलेले असते. तेथील नावाचा आकार नीट पाहून घ्यावा, पुढील पानांवर तोच आकार शोधावा आणि तेवढाच झाकावा. आपल्या जुन्या मोडी दस्तांतले ‘बिन’ आणि ‘कोम’ हे शब्द कन्नड कागदांतही भेटतात : अमुक बिन तमुक म्हणजे तमुकचा मुलगा, कोम म्हणजे पत्नी. हे दोन शब्द ठेवावेत, कारण नाते त्यांच्यामुळे कळते. त्यांच्या दोन्ही बाजूंची नावे बदलावीत.

आणि आता पत्ता. सर्वसाधारण सल्ला असा दिला जातो की पत्ता नेहमी झाकावा. आपल्या दस्तात त्या सल्ल्याने घात झाला असता. पत्ता येथे दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचे काम निराळे असते. पहिल्या पानावर प्रत्येक पक्षकाराच्या नावाखाली त्याचा राहण्याचा पत्ता असतो. तो फक्त माणूस कोण हे सांगतो. घर क्रमांक, गल्ली, पिनकोड सर्व खुशाल झाकावे. पण तिसऱ्या-चौथ्या पानावर ‘स्वत्तिन विवर’ या शीर्षकाखाली, म्हणजे मिळकतीच्या वर्णनात, पुन्हा एक पत्ता दिसतो. आपल्या मसुद्यात शेताच्या तुकड्याखाली दुसरा परिच्छेद आहे, त्यात गावातील एका घराचे वर्णन आहे : गल्लीचे नाव, मिळकत क्रमांक, लांबी-रुंदी, चारी दिशांच्या सीमा. हा पत्ता वडिलांच्या राहत्या घराचा आहे, म्हणून थोरल्या भावाच्या राहण्याच्या पत्त्याशी तो अक्षरशः जुळतो. पहिल्या पानावरचा आकार ओळखून ज्याने तोच आकार सर्वत्र झाकला, त्याच्या भाषांतरात शेत दिसेल आणि घर दिसणार नाही. फोनवर सांगितले गेले होते एका तुकड्याविषयी. दस्तात मात्र घरावरचा हक्कही सोडलेला आहे. तो परिच्छेद काळ्या पट्टीखाली गेला असता तर बहिणीला हे सहीनंतर कळले असते.

म्हणून मिळकतीच्या वर्णनात शब्द झाकू नयेत. ‘मने’ म्हणजे घर, ‘जमीनु’ म्हणजे जमीन, क्षेत्रफळ, लांबी-रुंदी आणि दिशा हे सर्व उघडे असावे. झाकायचे ते सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि गावाचे नाव. कर्नाटकातील पहाणी, म्हणजे आपल्याकडील सात-बाराचा उतारा, गाव आणि सर्व्हे क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो आणि त्यात खातेदाराचे नाव असते. क्रमांक उघडा ठेवला, तर वर झाकलेली नावे तेथून मिळतात. झाकलेल्या जागी ‘गट १’, ‘घर १’ असे लिहावे आणि खरा क्रमांक मूळ कागदावरून आपण स्वतः जुन्या वाटणीपत्राशी ताडून पाहावा. अंकांना भाषांतर लागत नाही ते येथेही उपयोगी पडते. सीमांमध्ये शेजाऱ्यांची नावे असतात. ती आपल्या नसली तरी कोणाची तरी आहेत, तेव्हा तीही बदलावीत. दिशा मात्र ठेवाव्यात.

शेवटच्या पानावर सह्यांच्या वर एखादे लांबलचक वाक्य असते. ‘वरील व इतर सर्व स्थावर-जंगम मिळकतीवरील हक्क’ अशा अर्थाचे शब्द याच वाक्यात सापडतात. तेथे बहुधा एकही क्रमांक नसतो, झाकण्यासारखे काही नसते. ते वाक्य पूर्ण, स्पष्ट आणि सावली न पडता छायाचित्रात आले आहे ना, हे मात्र पाहावे.

प्रत्यक्ष झाकणे कसे करावे? मला सर्वांत भरवशाची वाटते ती जुनी पद्धत. मूळ दस्ताला हात लावू नये, त्यावर शाई तर मुळीच लावू नये. झेरॉक्स काढावी, तिच्यावर जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात, त्यांवर अक्षरे लिहावीत आणि त्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढून तिचे छायाचित्र घ्यावे. काळ्या मार्करने झाकलेली पहिली प्रत तशीच वापरू नये. तिरप्या उजेडात मार्करच्या शाईखालची छपाई वेगळी चमकते. दुसऱ्या प्रतीत ती शक्यता राहत नाही.

मोबाइलवरच झाकायचे असेल तर तीन गोष्टी जपाव्यात. छायाचित्र संपादनात ‘हायलायटर’सारखे जे साधन असते ते अर्धपारदर्शक असते, तीन-चार वेळा फिरवले की काळे दिसते, पण उजेड वाढवला की खालचे अंक उमटतात. भरीव चौकोनच वापरावा. धूसर करण्याची सोय अंकांसाठी वापरू नये : अंक दहाच असतात, प्रत्येक अंक धूसर केल्यावर कसा दिसतो हे करून पाहता येते आणि ताडता येते. आणि पीडीएफ फाइलवर काळा चौकोन ठेवला, तर पुष्कळदा तो वर ठेवलेला कागद ठरतो. खालचा मजकूर निवडून नक्कल करता येतो. कातरलेल्या चित्राचीही खात्री धरू नये. २०२३ साली असे उघडकीस आले की गूगलच्या पिक्सेल फोनवरील संपादन साधन आणि विंडोज ११ मधील चित्र टिपण्याचे साधन कातरलेला भाग फाइलमध्येच मागे ठेवत होते. नंतर दुरुस्ती झाली, पण आधी पाठवलेली चित्रे तशीच राहिली. यावर उपाय असा की झाकून झालेले चित्र पडद्यावर उघडावे, त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच पाठवावा. छायाचित्र जेथे काढले त्या जागेची नोंद कधी कधी फाइलमध्ये असते, तीही स्क्रीनशॉटमध्ये येत नाही.

पाठवण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. चित्र उघडून उजेड आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही टोकापर्यंत वाढवावेत. मग मोठे करून झाकलेल्या जागी बोट दाबून धरावे. हल्लीच्या अनेक फोनांत चित्रातला मजकूर निवडता येतो. पट्टीच्या जागी एकही अंक निवडला गेला, तर झाकणे फसले असे समजावे. पानाच्या कडाही पाहाव्यात. पातळ कागदावर मागच्या पानाची छपाई उलटी उमटते, आणि फायलीच्या नावात पुष्कळदा पक्षकाराचे पूर्ण नाव जसेच्या तसे असते.

आलेले मराठी भाषांतर वाचताना पहिली तपासणी अक्षरांची करावी. मूळ पानावर ‘ड’ सात वेळा असेल तर भाषांतरातही सात वेळा दिसला पाहिजे. एक जरी कमी भरला तरी ते वाक्य माणसाकडून वाचून घ्यावे. आपल्या मसुद्यात घराचा परिच्छेद ज्या वाक्यात आहे, ते वाक्य तर ॲपवर सोडूच नये. तेवढ्या एका परिच्छेदाचे झाकलेले छायाचित्र कन्नड जाणणाऱ्या वकिलाला दाखवावे. त्याला पूर्ण दस्त वाचायचा असेल तर मूळ कागद घेऊन समोर बसावे.

न्यायालयात किंवा बँकेत सादर करायचे प्रमाणित भाषांतर ही निराळी बाब आहे. तेथे काहीही झाकून चालत नाही, आणि ते काम मूळ दस्त हाती देऊन, पोच घेऊनच करवून घ्यावे. वाटणीपत्राच्या ठशांचे पान जर आधीच कोठे पाठवून झाले असेल, तर आधारच्या संकेतस्थळावरून बोटांचे ठसे बंद करून ठेवण्याची सोय आहे. गरज लागेल तेव्हा ते तेवढ्यापुरते उघडता येतात. खात्यातून न काढलेले पैसे गेल्याचा संदेश आला तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे आणि शाखेत लेखी तक्रार द्यावी. आणि भाषांतराचे काम उरकले की न झाकलेली छायाचित्रे फोनमधून काढावीत, फोनच्या कचरापेटीतूनही काढावीत, कारण पुसलेले चित्र तेथे कित्येक दिवस पडून असते.